भाड्याच्या पहिल्या घराला चार ओळी

नव्या घराच्या शुभेच्छा म्हणून फोनवर जी चित्रं फिरतात त्यांत कलश असतो, झेंडूचं तोरण असतं, मागे कौलारू बंगला असतो आणि खाली सोनेरी अक्षरांत ‘स्वप्नपूर्तीबद्दल हार्दिक अभिनंदन’ असं असतं. पुण्यात धायरीला, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जिनं वन आरके भाड्यानं घेतला आहे, त्या मैत्रिणीला हे चित्र गेलं की ती हात जोडल्याचं चिन्ह पाठवते आणि विषय संपतो. चित्र वाईट नसतं. ते दुसऱ्याच कोणाच्या घराचं असतं, एवढंच.

आपल्याकडे घराच्या शुभेच्छांची सगळी तयार भाषा मालकीच्या घरासाठी घडलेली आहे. वास्तुपुरुष तथास्तु म्हणो, ही वास्तू पिढ्यान्‌पिढ्या नांदती राहो, कष्टाचं चीज झालं, हक्काचं छप्पर मिळालं. यातलं जवळजवळ काहीच भाड्याच्या घराला लागू पडत नाही. वास्तुशांतही साधारणपणे घराचा मालकच करतो. भाडेकरू राहायला जातो तेव्हा देवाचा फोटो आधी आत नेतो, उंबऱ्यावर हळदकुंकू वाहतो, मीठ आणि नवी केरसुणी घरात आणतो, आणि दूध उतू जाऊ देतो. (गॅसचं कनेक्शन यायचं असतं म्हणून हल्ली हे दूध इंडक्शनवर ठेवतात. ते उतू जाऊन बटणांवर सांडलं की शेगडी टूं-टूं करून बंद पडते. तरी दूध उतू गेलं ते गेलंच. शकुन झाला असं समजायला हरकत नाही.) एवढ्या छोट्या समारंभाला सोनेरी अक्षरं अंगावर येतात. म्हणून मग लोक दुसऱ्या टोकाला जातात. ‘भाड्याचंच तर आहे, त्यात काय शुभेच्छा द्यायच्या’ असं म्हणून काहीच पाठवत नाहीत, किंवा ग्रुपवर एक अंगठा टाकून मोकळे होतात.

पण आयुष्यातलं पहिलं भाड्याचं घर ही साधी गोष्ट नसते, हे त्या घरापर्यंत पोचायला काय काय करावं लागतं ते पाहिलं की कळतं. एजंटबरोबर दुचाकीवर फिरून घरं पाहायची. ‘फॅमिलीलाच देतो’, ‘बॅचलर नकोत’, ‘एकट्या मुलीला सोसायटी परवानगी देत नाही’ ही वाक्यं ऐकायची. मग एखादा मालक हो म्हणतो. अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं. महाराष्ट्रात 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार ते लेखी आणि नोंदवलेलं असावं लागतं आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. पुण्या-मुंबईत त्यासाठी लॅपटॉप आणि बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र घेऊन माणूस घरीच येतो. त्याचा खर्च बहुतेकदा दोघांत अर्धा-अर्धा. त्यानंतर पोलिस व्हेरिफिकेशन, सोसायटीच्या ऑफिसात कागद, आणि मग किल्ली.

पैशाचं गणित तर जास्त बोलकं आहे. समजा भाडं 12,000 रुपये आहे. मालकानं तीन महिन्यांचं डिपॉझिट मागितलं तर 36,000 झाले. पहिल्या महिन्याचं भाडं 12,000. एजंटला एका महिन्याचं भाडं ब्रोकरेज म्हणून, ते आणखी 12,000. म्हणजे कुलूप उघडायच्या आधीच 60,000 रुपये गेले. अ‍ॅग्रीमेंट, टेम्पो, गादी, शेगडी, बादली, पडद्यांचे रॉड यांचा खर्च यात धरलेलाच नाही. पंचवीस-तीस हजार पगाराच्या मुलीनं हे केलेलं असतं तेव्हा तिच्या खात्यात त्या महिन्यात फारसं काही उरलेलं नसतं. आणि नेमकं त्याच संध्याकाळी तिला दहा जणांकडून एकच प्रश्न येतो, ‘मग पार्टी कधी?’ विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, हे खरं आहे. पण ती फोन बाजूला ठेवते आणि हिशेब करत बसते की दहा जणांना घरी बोलवायचं तर ताटं किती लागतील. घरात ताटं दोन असतात.

तेव्हा अशा घराला पाठवायच्या मजकुरातून पहिल्यांदा ‘पार्टी’ जायला हवी. दुसरं काय जायला हवं आणि काय यायला हवं, ते एक मजकूर प्रत्यक्ष लिहूनच पाहू. मैत्रीण मूळची परभणीची. शिकायला पुण्यात आली, आधी हॉस्टेलला होती, मग नोकरी लागल्यावर नारायण पेठेत कॉट बेसिसवर. एका खोलीत चार कॉटा, चार कपाटं, बाथरूमसाठी सकाळी रांग. स्वयंपाकाला बंदी, त्यामुळे कॉटखाली खोक्यात लपवलेली इलेक्ट्रिक केटली. त्या केटलीत चहा, त्यातच मॅगी, त्यातच परीक्षेच्या काळात अंडी. आता ती धायरीला एकटी राहायला गेली आहे. तिनं चार फोटो पाठवले आहेत: रिकामी खोली, खोलीच्या कोपऱ्यात ओटा, ओट्यासमोर गज असलेली खिडकी, आणि दाराबाहेर लिहून चिकटवलेली पाण्याची वेळ.

हात सवयीनं जे लिहून जातो ते साधारण असं असतं:

‘अगं वा! अभिनंदन!! शेवटी घर झालं एकदाचं. भाड्याचं असलं म्हणून काय झालं, आज भाड्याचं तर उद्या स्वतःचं! मस्त सजव आता. पार्टी कधी? काही लागलं तर नक्की सांग.’

यात प्रेम आहे, पण शब्द त्याच्या आड येतात. ‘शेवटी’ आणि ‘एकदाचं’ यांत उशीर झाल्याचा सूर आहे. परभणीला घरच्यांकडून तो ती रोज ऐकतेच. ‘भाड्याचं असलं म्हणून काय झालं’ हे तर सांत्वन झालं. तिनं कुठं तक्रार केली होती? तिनं आनंदानं फोटो पाठवले होते, आणि आपण त्या आनंदातली उणीव दाखवून वर ती मोठ्या मनानं माफ केली. ‘उद्या स्वतःचं’ ही शुभेच्छा वाटते, पण ती या घराला नसून अजून न घेतलेल्या दुसऱ्याच एका घराला आहे. तिचं सामान आत्ता या घरात उतरलं आहे. ‘मस्त सजव’ हे म्हणायला सोपं; बऱ्याच मालकांची अट असते की भिंतीला खिळे मारायचे नाहीत, आणि रंग खराब झाला तर डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. राहिलं ‘काही लागलं तर सांग’. हे वाक्य आपण सगळेच लिहितो आणि त्यावर कोणीही, कधीही, काहीही सांगत नाही. सांगायचं तर तिला आपल्याकडे काय मागता येईल याचा अंदाज बांधावा लागतो, आणि मग मागण्याचा संकोच वेगळाच.

हे सगळं काढल्यावर माणूस घाबरतो आणि भारदस्त लिहायला लागतो. ‘चार भिंतींना घरपण देणारी तूच आहेस. या वास्तूत तुझ्या स्वप्नांना नवे पंख फुटोत.’ हेही नको. हे तिला लिहिलेलं नाही, कोणालाही पाठवता येईल असं आहे. मजकूर तिचाच आहे का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. तोच मजकूर नुकताच कोथरूडला टू बीएचके विकत घेतलेल्या आपल्या आतेभावाला पाठवून चालेल का, ते पाहायचं. चालत असेल तर तो पुन्हा लिहायचा.

मग काय लिहायचं? फोटोंकडे परत जायचं. त्यात काय दिसतं, आणि त्यातलं तिच्या आधीच्या जागेत काय नव्हतं? ओटा. कॉट बेसिसवर राहणाऱ्याला चार ताटं मिळतील, वायफाय मिळेल, पण उभं राहून स्वतःचा चहा करायला जागा मिळत नाही. बस, आपला मजकूर इथून निघतो:

‘अगं, फोटो पाहिले. ओट्यासमोरची खिडकी फार आवडली. इतकी वर्षं कॉटखाली केटली लपवून चहा करत होतीस, आता खिडकीपाशी उभी राहून कर, दोनदा कर. नव्या जागेत तुझं सगळं नीट लागू दे, पाणी वेळेवर येऊ दे, शेजार चांगला मिळू दे. रविवारी अकराच्या सुमारास येते. भाजी-पोळी घेऊन येते, तू काही करायचं नाहीस. पडदे राहिले असतील तर दोघी मिळून लावू. रविवारी जमत नसेल तर नुसतं “पुढच्या” एवढं लिही, मी समजेन.’

यात एकही मोठा शब्द नाही. पहिलं वाक्य सांगतं की फोटो खरंच पाहिले, कारण खिडकीचा उल्लेख फोटो न पाहता करता येत नाही. केटलीचं वाक्य आधीच्या दिवसांना ओळख देतं. ते तिनं काढले, आपल्याला ते माहीत आहेत, आणि त्यावर ‘किती सोसलंस’ असा गळा काढायची गरज नाही. शुभेच्छा तीनच आहेत आणि तिन्ही भाड्याच्या घरात खरोखर लागणाऱ्या गोष्टींच्या आहेत. सुख-समृद्धी मागितली असती तर ती वाचून पुढे गेली असती. पाणी वेळेवर येऊ दे म्हटल्यावर ती हसेल, कारण दाराबाहेरची वेळ तिनंच फोटोत पाठवली आहे.

सगळ्यात जास्त विचार शेवटच्या ओळींवर करावा. ‘येईन कधीतरी’ म्हटलं तर तिला आपण येणार की नाही ते कळत नाही; वार आणि वेळ दिल्यावर कळतं. भाजी-पोळी आणते म्हटल्यावर ताटांचा आणि सिलिंडरचा प्रश्न सुटतो. पडद्यांचं काम ठरवून सांगितलं की तिला मदत मागावी लागत नाही. आणि नाही म्हणायची सोय एका शब्दात करून ठेवली आहे. नवीन घरात पहिले आठ दिवस माणूस इतका थकलेला असतो की पाहुणा नको असतो, मग तो कितीही जवळचा असो. नकार देण्यासाठी तिला कारण शोधत बसावं लागू नये.

काही गोष्टी खऱ्या असूनही या मजकुरात येऊ नयेत असं माझं मत आहे. भाडं किती, हे विचारू नये. विचारलं की तुलना आलीच आणि ‘अरे, त्यात तर आमच्याकडे वन बीएचके मिळतो’ हे वाक्य तोंडातून निसटतंच. ‘किती लांब गेलीस गं’ हेही नको. जवळ परवडलं असतं तर ती जवळच राहिली असती. आणि सल्ला तर मुळीच नको, अगदी उपयोगाचा असला तरी. राहायला गेल्या दिवशीच भिंतीचे डाग, गळणारे नळ, फुटकी फरशी यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवावेत, म्हणजे घर सोडताना डिपॉझिटवरून वाद होत नाही. हा सल्ला सोन्यासारखा आहे आणि तो त्याच दिवशी द्यायला हवा. पण तो फोन करून द्यावा, नाहीतर वेगळ्या मेसेजमध्ये. शुभेच्छेत घातला तर आनंदाच्या पोटात भांडणाची भीती पेरल्यासारखं होतं.

पाठवायचा कधी, यालाही महत्त्व आहे. सामान हलवायच्या दिवशी फोन तिच्या हातात नसतो, असला तर टेम्पोवाल्यासाठी असतो. त्या दिवशी आलेला मजकूर ‘गादी वर चढत नाहीये’ आणि ‘वॉचमन गेट उघडत नाही’ यांच्या मधे बुडतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाठवावा. तोवर अर्धी खोकी उघडलेली असतात, मदतीला आलेले भाऊ-मित्र परत गेलेले असतात, आणि चार जणांच्या खोलीतून आलेल्या माणसाला पहिल्यांदा खोली फार शांत वाटते. हा मजकूर कामाला येतो तो तेव्हा. आणि तो तिला एकटीला पाठवावा, ग्रुपवर टाकू नये. ग्रुपवर केटलीची गोष्ट उघड करणं म्हणजे तिचं गुपित वाटणं, आणि तिच्यामागे दहा जण ‘+1’ करतात ते वेगळंच.

सोबत काही द्यायचं असेल तर मजकुराशी ते जुळलेलं असावं. भिंतीवरचं घड्याळ, मोठी फ्रेम, काचेचं शोपीस या वस्तू भाड्याच्या घराला जाच होतात. खिळा मारायचा नाही, ठेवायला जागा नाही, आणि अकरा महिन्यांनी घर बदललं तर कागदात गुंडाळून पुन्हा टेम्पोत. त्यापेक्षा दोन एलईडी बल्ब आणि एक चांगला एक्स्टेंशन बोर्ड द्यावा. जुन्या भाडेकरूनं बल्ब काढून नेलेले असणं आणि प्लग नेमके कॉटपासून लांब असणं, हे दोन्ही नेहमीचं आहे. एखादं स्टीलचं पातेलं दिलं तर दूध उतू घालवायला उपयोगी पडेल. पैसेच द्यायचे तर 251 किंवा 501 चालतात; वरचा एक रुपया आहेर म्हणून हवाच. हल्ली ते फोनवरूनच जातात. तिथं टीप लिहायला एक छोटासा रकाना असतो. त्यात ‘दूध-साखरेला’ एवढं लिहिलं की ती मदत राहत नाही, आहेर होतो. पैसे थोडे असल्याबद्दल दिलगिरी मात्र लिहू नये. ‘छोटीशी भेट, गोड मानून घे’ असं म्हटलं की समोरच्याला ‘अगं नाही गं, खूप आहे’ म्हणत बसावं लागतं.

मैत्रीण जितकी जवळची, तितकं हे सोपं. ऑफिसातल्या सहकाऱ्याला, ज्यांना आपण ‘तुम्ही’ म्हणतो, केटलीची गोष्ट लिहिता येणार नाही, कारण ती आपल्याला माहीतच नसते. तिथं मजकूर आणखी लहान करावा. ‘नव्या घरात स्थिरस्थावर व्हायला शुभेच्छा. सोमवारी यायला उशीर झाला तरी चालेल, सकाळची मीटिंग मी पाहतो.’ सहकाऱ्यानं दिलेली ही भेट एक्स्टेंशन बोर्डाइतकीच कामाची आहे. मित्र बौद्ध असेल, घरी राहायला जाताना त्रिशरण-पंचशील म्हटलं जाणार असेल, तर गणपती-कलशाचं चित्र पाठवणं म्हणजे न विचारताच पाठवल्यासारखं आहे. मुस्लिम वा ख्रिस्ती मित्राच्या बाबतीतही तेच. पाणी, शेजार आणि उजेड सगळ्यांना लागतात, त्यांच्याच शुभेच्छा द्याव्यात. आणि भाड्याचं पहिलं घर कधीकधी आनंदानं घेतलेलं नसतं. कोणी नवऱ्यापासून वेगळी होऊन राहायला गेलेली असते, कोणी वडिलांशी भांडून. तिथं ‘अभिनंदन’ हा शब्दच गाळावा. ‘रविवारी अकराला येते, भाजी-पोळी आणते’ हे वाक्य मात्र जसंच्या तसं राहू द्यावं. तिथं त्याची जास्त गरज असते.

आता उत्तराचं. चांगला मजकूर गेला तरी उत्तर एका हसऱ्या चेहऱ्यात येऊ शकतं, किंवा दोन दिवस येतच नाही. नवं घर लावणाऱ्या माणसाकडून लांब उत्तराची अपेक्षा करू नये आणि ‘वाचलंस ना?’ असंही विचारू नये. शनिवारी संध्याकाळी एक फोन करावा आणि कामाचं तेवढं विचारावं: खिडकीची रुंदी किती आहे, पडद्याचा रॉड आणलास का, आणि खालच्या दुकानात दही मिळतं की वाटेतच घेऊ?